जंगलात फोनची बॅटरी कोण खातो? १२० हर्ट्झ नव्हे, उगाच जळणारी स्क्रीन!

पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा रस्ता बंद होतो. अनेकदा त्याच वेळी वीज जाते आणि मागोमाग मोबाइलची रेंजही. अशा वेळी हातातल्या फोनमध्ये किती टक्के चार्ज शिल्लक आहे, याला शहरात नसते तेवढी किंमत येते. रेंज परतली की पहिला फोन रुग्णवाहिकेला लावायचा असतो, नाही तर तालुक्याच्या गावी अडकलेल्या घरच्या माणसाला. त्या क्षणी फोन बंद पडलेला असला, तर रेंज आली काय आणि न आली काय, सारखेच.

बॅटरी वाचवण्याचे सल्ले देणारे संदेश आणि व्हिडिओ यांची मात्र कमतरता नाही. ‘रिफ्रेश रेट १२० वरून ६० करा, ऑलवेज-ऑन डिस्प्ले बंद करा, डार्क मोड लावा, बॅटरी दुप्पट टिकेल’, असा त्यांचा सर्वसाधारण सूर असतो. यातला एकही सल्ला सपशेल खोटा नाही. पण यातले बरेचसे महागड्या फोनसाठी आणि शहरातल्या वापरासाठी दिलेले आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात साधा फोन खिशात घेऊन उन्हात काम करणाऱ्या माणसाने हेच सल्ले याच क्रमाने पाळले, तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. कारण त्याच्या फोनची बॅटरी जिथे खरोखर सांडते, ती जागा वेगळीच आहे. ती जागा म्हणजे कुणी पाहत नसताना उजळलेली स्क्रीन आणि गरजेपेक्षा जास्त वाढवलेला ब्राइटनेस. आधी हे दोन आवरा आणि बाकीचे नंतर पाहा, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे हिशेब मांडूनच सांगतो.

आधी आपली स्क्रीन ओळखा

डिस्प्लेची कोणतीही सेटिंग बदलण्याआधी स्क्रीन एलसीडी आहे की अॅमोलेड, हे माहीत हवे. एलसीडीत स्क्रीनच्या मागे एक दिवा असतो आणि तो संपूर्ण स्क्रीनभर प्रकाश टाकतो. पुढे चित्र काळे असो की पांढरे, मागचा दिवा तेवढाच जळतो. अॅमोलेडमध्ये मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि जिथे काळा रंग हवा, तिथला ठिपका चक्क बंद असतो.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. रात्री अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि पूर्ण काळे चित्र स्क्रीनभर उघडा. स्क्रीन आणि भोवतालचा अंधार वेगळा ओळखू आला, स्क्रीन राखाडी दिसली, तर ती एलसीडी. स्क्रीन अंधारात विरून गेली, तर अॅमोलेड.

या एका फरकावर अर्धे सल्ले उभे राहतात किंवा कोसळतात. एलसीडीवर डार्क मोडने डोळ्यांना बरे वाटेल, पण बॅटरी जवळपास वाचणार नाही. ऑलवेज-ऑन डिस्प्ले तर एलसीडी फोनमध्ये सहसा दिलेलाच नसतो, कारण घड्याळाचे चार आकडे दाखवायला मागचा सगळा दिवा पेटवावा लागेल. कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये आजही एलसीडीच असते. म्हणजे ‘ऑलवेज-ऑन बंद करा’ हा सल्ला ज्यांच्यापर्यंत पोहोचतो, त्यातल्या अनेकांच्या फोनमध्ये ती सोयच नसते.

रिफ्रेश रेट : गळके मडके आणि पक्के मडके

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीनवरचे चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने काढले जाते, तो आकडा. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० वेळा आणि १२० हर्ट्झ म्हणजे १२० वेळा. यादी वर-खाली सरकवताना १२० ला हालचाल मऊ दिसते. त्यासाठी स्क्रीनला आणि चित्र तयार करणाऱ्या प्रोसेसरला जास्त काम पडते, हे खरे. पण स्क्रीनवर काहीच हलत नसेल, तर तेच चित्र सेकंदाला १२० वेळा काढण्यात अर्थ नाही. म्हणून ‘अॅडॅप्टिव्ह’ म्हणजे गरजेनुसार बदलणारा रिफ्रेश रेट आला. बोट फिरले की दर वाढतो आणि चित्र स्थिर झाले की उतरतो.

तो किती खाली उतरतो, हे मात्र स्क्रीनच्या जातीवर ठरते. प्रत्येक ठिपक्यात थोडा विद्युतभार साठवलेला असतो आणि त्यावर त्याचा उजेड अवलंबून असतो. साध्या स्क्रीनमध्ये हा भार गळक्या मडक्यातल्या पाण्यासारखा झिरपत असतो. तो सारखा भरत राहिला नाही, तर उजेड हलू लागतो. त्यामुळे अशी स्क्रीन साधारण ६० च्या आसपास थांबते आणि फार खाली जाऊ शकत नाही. एलटीपीओ नावाच्या स्क्रीनमध्ये झिरपणे खूप कमी असते. मडके पक्के असल्यामुळे ते वारंवार भरावे लागत नाही. आयफोनच्या २०२१ च्या प्रो मॉडेलमध्ये हा दर १० हर्ट्झपर्यंत खाली येऊ लागला आणि २०२२ च्या प्रो मॉडेलमध्ये १ हर्ट्झपर्यंत. अॅपलने ऑलवेज-ऑन डिस्प्ले आयफोनमध्ये दिला, तोही त्याच २०२२ च्या प्रो मॉडेलमध्ये. सेकंदाला एकदाच चित्र काढणारी स्क्रीन हाती आल्यावर ते परवडू लागले.

स्वस्त फोनच्या खोक्यावरही मोठ्या अक्षरात ‘१२० हर्ट्झ’ लिहिलेले असते. पण तो वरचा आकडा असतो. बॅटरीसाठी महत्त्वाचा असलेला खालचा आकडा खोक्यावर सहसा सापडत नाही. तो स्वतः पाहता येतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे रिफ्रेश रेट दाखवण्याचा पर्याय असला, तर तो सुरू करा. कोपऱ्यात आकडा दिसू लागतो. आता एखादे पान उघडून बोट न लावता पाच-सात सेकंद थांबा. आकडा १२० वरून ६० किंवा त्याखाली आला, तर तुमचा फोन आपले काम नीट करतो आहे. त्याला ‘अॅडॅप्टिव्ह’ किंवा ‘ऑटो’वर राहू द्या. बोट नसतानाही आकडा १२० लाच खिळून राहिला, तर मात्र सेटिंग हाताने ६० वर आणलेली बरी. पाहून झाले की तो पर्याय बंद करा आणि त्या यादीतल्या दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

एका गस्तीचा हिशेब

आता खरा प्रश्न. या सगळ्यांतून नेमके किती वाचते? त्यासाठी एक दिवस मांडून पाहू. ताडोबा-अंधारीसारख्या व्याघ्र प्रकल्पात वनरक्षक गस्तीची वाट फोनमधल्या एम-स्ट्राइप्स अॅपमध्ये नोंदवतात. पाऊलखुणा दिसल्या, विष्ठा दिसली, पाणवठा आला की तिथे नोंद करायची. समजा, असा एक वनरक्षक सकाळी सहाला पूर्ण चार्ज केलेला फोन घेऊन निघाला. रात्री त्याचा मुक्काम संरक्षण कुटीत आहे आणि तिथे चार्जिंगची खात्री नाही. फोन पाच हजार एमएएचचा, साधा. सोय म्हणून असे धरू, की मध्यम ब्राइटनेसवर स्क्रीन एक तास सुरू राहिली की दहा टक्के बॅटरी जाते. तुमच्या फोनचा आकडा थोडा कमी-जास्त असेल, पण हिशेबाची रीत तीच राहते.

दिवसभरात तो साठ वेळा फोन काढतो आणि दर वेळी सरासरी एक मिनिट प्रत्यक्ष काम करतो. म्हणजे कामाची स्क्रीन एक तास आणि खर्च दहा टक्के. पण त्याचा स्क्रीन टाइमआउट दोन मिनिटांवर आहे. काम झाले की तो बाजूचे बटण न दाबता फोन तसाच हातात धरून किंवा कमरेच्या पिशवीत टाकून चालू लागतो. शेवटच्या स्पर्शानंतर स्क्रीन दर वेळी आणखी दोन मिनिटे उजळलेली राहते. साठ वेळा दोन मिनिटे म्हणजे दोन तास. त्या दोन तासांत स्क्रीनकडे कुणीही पाहत नाही, पण बॅटरीतले वीस टक्के मात्र गेलेले असतात. कामाला दहा टक्के लागले आणि रिकाम्या उजेडाला वीस.

टाइमआउट तीस सेकंदांवर आणला, तर हाच रिकामा उजेड दोन तासांवरून अर्ध्या तासावर येतो. वीस टक्क्यांचे पाच टक्के होतात, म्हणजे पंधरा टक्के वाचतात. दर वेळी बटण दाबायची सवय असेल, तर ते पाचही वाचतात.

आता याच दिवशी रिफ्रेश रेट १२० वरून ६० केला असता तर? या बदलाने स्क्रीन सुरू असतानाच्या खर्चातला साधारण दहावा हिस्सा वाचतो असे धरू. एकूण स्क्रीन तीन तास सुरू होती आणि खर्च तीस टक्के होता, म्हणजे बचत तीन टक्क्यांची. तीही फोन १२० लाच खिळलेला असेल तर. अॅडॅप्टिव्ह नीट चालत असेल, तर स्थिर स्क्रीनवर दर आपोआपच उतरलेला असतो आणि बचत त्याहूनही कमी होते. एका बाजूला पंधरा टक्के आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम तीन. मग पहिला सल्ला कोणता द्यायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

याला अपवाद आहे. जो माणूस दिवसातले चार-पाच तास सलग व्हिडिओंची यादी सरकवत बसतो किंवा खेळ खेळतो, त्याच्या स्क्रीनवर सतत हालचाल असते आणि रिकामा उजेड जवळजवळ नसतो. त्याने रिफ्रेश रेटकडे आधी पाहावे. शहरी सल्ल्यात तो पहिल्या क्रमांकावर येतो, त्याचे एक कारण हेच असावे.

मग लोक टाइमआउट वाढवतात का?

आळस म्हणून नव्हे. त्यामागे दोन खरी कारणे असतात आणि ती समजून घेतल्याशिवाय ‘तीस सेकंद ठेवा’ म्हणणे फुकाचे आहे.

पहिले कारण कुलपाचे. स्क्रीन मिटली की पुन्हा पिन किंवा पॅटर्न टाकावा लागतो. बोटाला चिखल, घाम किंवा डिंक लागलेला असतो, ठसा ओळखला जात नाही आणि माणूस वैतागून टाइमआउट दहा मिनिटांवर नेतो. पण स्क्रीन मिटणे आणि फोनला कुलूप लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये लॉक स्क्रीनच्या किंवा सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, स्क्रीन मिटल्यावर किती वेळाने कुलूप लागावे, याचा पर्याय वेगळा असतो. टाइमआउट तीस सेकंद आणि कुलूप पाच मिनिटांनी, असे ठेवले की स्क्रीन लगेच विझते आणि पाच मिनिटांच्या आत पुन्हा उघडली तर पिन मागत नाही. फोन हरवला तर तेवढा वेळ तो उघडा राहील, हा धोका यात आहे. त्यामुळे गस्तीपुरते असे ठेवावे आणि बाजाराच्या दिवशी पूर्ववत करावे.

दुसरे कारण अॅपचे. स्क्रीन मिटली की गस्तीची रेघ तुटते, असा अनुभव एकदा आला की पुढे कुणी स्क्रीन मिटू देत नाही. खरे तर वाट नोंदवण्यासाठी स्क्रीन लागत नाही. जीपीएसचे काम स्क्रीन बंद असतानाही चालते. रेघ तुटते, ती बहुतेक वेळा फोनच्या बॅटरी व्यवस्थापनामुळे. स्क्रीन मिटली की मागे चालणारी अॅप्स तो झोपवतो. त्यावर उपाय त्या एका अॅपपुरता करायचा. सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या पानावर जाऊन बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि लोकेशनच्या परवानगीत ‘नेहमी’ असा पर्याय असेल तर तो द्या. मग विश्वास ठेवण्याआधी चाचणी घ्या. नोंद सुरू करा, स्क्रीन विझवा, फोन खिशात टाकून दहा मिनिटे चाला आणि परत येऊन रेघ पाहा. ती वळणांसकट आली असेल, तर यापुढे स्क्रीन जागी ठेवायची गरज नाही. दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ आली, तर अॅप मध्येच झोपले होते असे समजा.

यात एक सावधगिरी आहे. फोनचा ‘बॅटरी सेव्हर’ सुरू केला की बऱ्याच फोनमध्ये रिफ्रेश रेट ६० वर येतो आणि ऑलवेज-ऑन बंद होतो. हे चांगले. पण त्यासोबत मागे चालणाऱ्या अॅपवर आणि जीपीएसवरही बंधने येऊ शकतात. म्हणून नोंद घेत असताना ही चाचणी बॅटरी सेव्हर सुरू ठेवूनही एकदा करून पाहा.

उन्हातला ब्राइटनेस

टाइमआउटनंतर सर्वात मोठा खर्च ब्राइटनेसचा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हाच तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि रोजगार हमीची कामेही. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी फोटोसह अॅपवर लावणे जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. शेतकऱ्यालाही २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. ही सगळी कामे उघड्यावरची. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून ब्राइटनेस टोकाला न्यावा लागतो आणि काम झाल्यावर तो खाली आणायचे राहून जाते. रात्री घरी बसून बातम्या वाचतानाही तोच दुपारचा ब्राइटनेस जळत असतो.

ब्राइटनेसची पट्टी दिसते तशी सरळ नाही. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ती डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाच्या मापाने चालते, प्रत्यक्ष उजेडाच्या मापाने नव्हे. म्हणजे पट्टी मध्यावर असताना स्क्रीनचा उजेड निम्म्याहून बराच कमी असतो आणि शेवटच्या पाव भागात तो झपाट्याने वाढतो. टोकावरून थोडेसे मागे आले, तरी खर्च बराच उतरतो आणि डोळ्यांना फरक फारसा कळत नाही. वरच्या वनरक्षकाची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर तासाला दहाऐवजी पंधरा टक्के खात असेल, तर त्याच्या तीन तासांचे तीसाऐवजी पंचेचाळीस टक्के होतात. रिकामा उजेड आणि टोकाचा ब्राइटनेस एकत्र आले, तर संध्याकाळपर्यंत फोन संपतो, यात नवल नाही.

यावर पहिला उपाय सेटिंगमधला नाहीच. उन्हाकडे पाठ करा, आपल्याच अंगाची सावली फोनवर पाडा आणि मग पट्टी कुठपर्यंत न्यावी लागते ते पाहा. दुसरा उपाय ऑटो ब्राइटनेसचा. तो रात्री आपोआप उतरतो, म्हणून विसरभोळ्या माणसाला उपयोगी आहे. पण फोनच्या वरच्या भागात उजेड मोजणारा सेन्सर असतो. त्यावर धूळ बसली किंवा काचेचे जाड आवरण आले, तर तो चुकतो. सावलीत गेल्यावर काही सेकंदांत स्क्रीन मंद होत नसेल, तर आधी तो भाग पुसून पाहा.

डार्क मोडचे गणितही इथेच सुटते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओलेड स्क्रीनच्या फोनवर हे मोजले. घरात वापरतो तशा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. ब्राइटनेस शंभर टक्के असताना मात्र ती बचत ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. म्हणजे डार्क मोडचा फायदा उन्हात सर्वात जास्त. पण उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरची अक्षरे वाचणेच अवघड जाते, काळ्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. त्यामुळे उन्हात वाचायला पांढरी पार्श्वभूमी, सावलीत आणि रात्री डार्क मोड, असेच व्यवहारात होते. त्यातून मिळणारी बचत थोडी आहे, हे मान्य करून पुढे जावे.

एक गोष्ट आणखी. फोन फार तापला की तो स्वतःच स्क्रीन मंद करतो आणि मग पट्टी कितीही ओढली तरी उजेड वाढत नाही. हा बिघाड नसतो. फोन सावलीत, वाऱ्यावर ठेवा. ओल्या फडक्यात गुंडाळू नका.

ऑलवेज-ऑन डिस्प्ले : रात्रीचा गुपचूप खर्च

ज्यांच्या फोनची स्क्रीन अॅमोलेड आहे, त्यांच्यासाठी ऑलवेज-ऑनचा प्रश्न खरा आहे. तो साधारणपणे तासाला अर्धा ते एक टक्का खातो. फोन खिशात असताना सेन्सर ते ओळखतो आणि घड्याळ विझवतो, म्हणून चालताना खर्च नगण्य. खरा खर्च फोन टेबलावर किंवा खाटेशेजारी उताणा पडलेला असताना होतो. कुटीतल्या दहा तासांच्या रात्रीत पाच ते दहा टक्के बॅटरी झोपलेल्या माणसाला वेळ दाखवण्यात जाते. फोन पालथा ठेवला तरी बहुतेक फोनमध्ये ही गळती थांबते.

काही जण म्हणतात, वेळ पाहायला दर वेळी पूर्ण स्क्रीन उजळवण्यापेक्षा ऑलवेज-ऑन स्वस्त पडतो. हिशेब करून पाहू. दिवसात चाळीस वेळा वेळ पाहिली आणि दर वेळी स्क्रीन तीस सेकंद सुरू राहिली, तर एकूण वीस मिनिटे होतात, म्हणजे तीन-साडेतीन टक्के. सोळा तासांचा ऑलवेज-ऑन आठ ते सोळा टक्के घेतो. तेव्हा तो स्वस्त नाही. मधला मार्ग अनेक फोनमध्ये आहे. ‘टिचकी मारल्यावरच दाखवा’ निवडले की काही सेकंद घड्याळ दिसते आणि विझते. वेळ ठरवून देण्याचाही पर्याय असतो, रात्री दहा ते सकाळी पाच बंद असा. सर्वात स्वस्त उपाय मनगटावर असतो, तो वेगळा.

ऑलवेज-ऑनसारखेच आणखी एक चोर-छिद्र आहे. दिवसभर रेंजबाहेर राहून एटापल्लीच्या किंवा अहेरीच्या वाटेवर टॉवर लागला की सगळ्या ग्रुपचे संदेश एकदम कोसळतात आणि काही फोनमध्ये प्रत्येक संदेशाला स्क्रीन उजळते. नोटिफिकेशनने स्क्रीन जागी होऊ न देण्याचा पर्याय डिस्प्ले किंवा लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये असतो. तो लावला, तरी आवाज आणि संदेश येतच राहतात.

डिस्प्लेचा दोष नसेल तेव्हा

हे सगळे करूनही बॅटरी टिकत नसेल, तर दोष डिस्प्लेचा नसण्याची शक्यता मोठी आहे. ते ओळखण्यासाठी एक रात्र पुरते. रात्री दहाला टक्के लिहून ठेवा, ऑलवेज-ऑन बंद करा आणि सकाळी सहाला पुन्हा पाहा. स्क्रीन एकदाही सुरू न होता पंधरा-वीस टक्के गेले असतील, तर चोर दुसरा आहे. जंगलपट्ट्यात तो बहुतेक वेळा रेंज असतो. टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकद लावून बोलावे लागते आणि रेंज ये-जा करत असली की तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो. दुसऱ्या रात्री फ्लाइट मोड लावून तीच मोजणी करा. घट दोन-तीन टक्क्यांवर आली, तर उत्तर मिळाले. जिथे रेंज मुळीच नाही, तिथे फ्लाइट मोडने काहीच गमवावे लागत नाही. जिथे कधीमधी रेंज येते आणि कुणाचा फोन येण्याची शक्यता असते, तिथे मात्र हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा. फ्लाइट मोड लावूनही घट तेवढीच राहिली, तर सेटिंग्जमधल्या बॅटरी वापराच्या पानावर कोणते अॅप वर आहे ते पाहा. तिथेही काही सापडले नाही आणि फोन तीन-चार वर्षांचा असला, तर बॅटरी थकलेली असू शकते. तिला कोणतीही सेटिंग तरुण करणार नाही.

जबाबदारी फक्त फोनधारकाची?

आतापर्यंत सगळे उपाय वापरणाऱ्याच्या गळ्यात घातले. पण ज्याला नोकरीचा किंवा मजुरीचा भाग म्हणून फोन उन्हात उघडावा लागतो, त्याची बॅटरी ही केवळ त्याची खासगी बाब उरत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. त्याच चंद्रपुरात आणि शेजारच्या गडचिरोलीत कामावरचा माणूस फोनच्या शेवटच्या दहा टक्क्यांकडे पाहत काम उरकतो.

अॅप लावायला सांगणाऱ्या विभागांकडून तीन साध्या गोष्टी अपेक्षित आहेत. अॅप स्क्रीन विझलेली असताना नोंद घेऊ शकते की नाही, याची चाचणी कार्यालयात नव्हे तर जंगलातल्या वाटेवर, साध्या फोनवर व्हावी. उन्हात कमी ब्राइटनेसवरही वाचता येतील अशी मोठी, ठळक, पांढऱ्यावर काळी अक्षरे अॅपमध्ये असावीत, फिकट राखाडी नकोत. आणि प्रशिक्षणात लॉगिन कसे करायचे हे सांगताना टाइमआउट, कुलूप आणि ब्राइटनेस या तीन सेटिंग्ज प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर करून दाखवाव्यात. त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. आज रात्री डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइमआउट तीस सेकंदांवर आणा, ब्राइटनेसची पट्टी टोकावरून मागे ओढा आणि उद्या संध्याकाळी सहा वाजता टक्के पाहा. आकडा कालच्यापेक्षा वर असेल, तर १२० हर्ट्झला खुशाल राहू द्या. पर्लकोटेचे पाणी चढलेले असताना बोटाखाली यादी किती मऊ सरकते, हा प्रश्न नसतो. एक फोन लागेल की नाही, एवढाच असतो.